साहेबांना आधी तुम्हीच सांगा

ऑफिसात एक्सेलवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा दिवस कधी ना कधी येतो. शीट पाठवून झालेली असते, तिच्या आधारावर पैसेही गेलेले असतात, आणि दुसऱ्याच कामासाठी ती उघडल्यावर एक आकडा डोळ्यांत खुपतो. हा इतका कसा? दोन-तीन सेल तपासल्यावर पोटात गोळा येतो. अजून कोणाच्याच लक्षात आलेलं नसतं. शेजारचा माणूस चहाला चला म्हणतो आणि तुम्ही नुसती मान हलवता.

त्या घटकेला दोन विचार मनात येतात. गुपचूप दुरुस्त करून टाकू, हा पहिला. बघू, कोणी विचारलं तर सांगू, हा दुसरा. या लेखात मी तुम्हाला दोन्ही सोडून द्यायला सांगणार आहे. त्याऐवजी काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि साहेबांपुढे नेमकं काय बोलायचं, हे एका उदाहरणावरून बघू. उदाहरण मुद्दाम अगदी नेहमीचं घेतलं आहे. पगार, इन्सेंटिव्ह, कमिशन, थकबाकी यांच्या शीटमध्ये हीच चूक मी पुन्हापुन्हा पाहिली आहे.

समजा, तुम्ही एका वितरकाच्या ऑफिसात हिशेब बघता. ३८ सेल्समन आहेत आणि प्रत्येकाला महिन्याच्या विक्रीवर दोन टक्के इन्सेंटिव्ह मिळतो. विक्रीचा तक्ता बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून येतो. तो तुम्ही Sales नावाच्या शीटमध्ये चिकटवता. Payout नावाच्या दुसऱ्या शीटमध्ये सेल्समनचे कोड आहेत आणि प्रत्येक कोडसमोर त्याची विक्री हे सूत्र ओढून आणतं:

```
=VLOOKUP(A2,Sales!$A$2:$C$39,3)
```

कित्येक महिने हे बिनबोभाट चाललं. जूनचं इन्सेंटिव्ह शुक्रवारी बँकेत जमा झालं. सोमवारी तुम्हाला दिसतं की १०१७ कोडच्या माणसाची विक्री शीटमध्ये ७,१०,००० आहे, पण त्याची बिलं जेमतेम ४,२०,००० ची आहेत. त्याला ८,४०० मिळायला हवे होते, गेले १४,२००.

चूक सूत्राच्या शेवटी आहे, आणि तिथे काहीच लिहिलेलं नाही हीच ती चूक. VLOOKUP ला चौथी गोष्ट सांगावी लागते: कोड तंतोतंत जुळायला हवा, की जवळपासचा चालेल? ती जागा रिकामी सोडली की एक्सेल ‘जवळपासचा चालेल’ असं धरून चालतं. गूगल शीट्समध्येही तसंच आहे. मग ते यादी वरून खाली वाचत बसत नाही. शब्दकोशात शब्द शोधताना आपण अंदाजाने मधलं पान उघडतो आणि मग पुढे किंवा मागे जातो, तसं ते यादीच्या मध्यावर उडी मारतं. यादी कोडच्या चढत्या क्रमाने लावलेली असेल तर उत्तर बरोबर येतं. जूनमध्ये कोणीतरी Sales ची शीट जास्त विक्रीपासून कमी विक्रीकडे लावली, बहुधा पहिला नंबर कोणाचा ते बघायला. क्रम मोडला आणि सूत्र भलत्याच ओळीतले आकडे उचलू लागलं. स्क्रीनवर लाल काही झालं नाही, इशारा काही आला नाही. दोन सेलमध्ये मात्र #N/A आलं होतं, आणि घाईत तुम्ही तिथे यादीत बघून हातानेच आकडे टाकले होते. सूचना मिळाली होती, ती आपण बुजवून टाकली.

आता करायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे मूळ फाइलला हात लावायचा नाही. आत्ताच्या आत्ता FALSE टाकून सेव्ह करावंसं वाटेल, पण थांबा. पैसे कोणत्या आकड्यांवर गेले, याचा एकमेव पुरावा म्हणजे ती फाइल. तिची प्रत काढा, नावात तारीख घाला, आणि सगळं काम त्या प्रतीवर करा. आधीच दुरुस्त केलेली फाइल घेऊन तुम्ही साहेबांकडे गेलात, तर चूक काय होती हे त्यांना तुमच्या शब्दावर मानावं लागेल. तसं मानायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

गुपचूप दुरुस्ती टिकत का नाही, याचं कारणही इथेच आहे. शुक्रवारची फाइल तुमच्या मेलमधून साहेबांकडे, एचआरकडे आणि कदाचित सीएकडे गेलेली आहे. तुम्ही तुमची प्रत बदललीत तर एकाच महिन्याच्या दोन वेगळ्या शीट ऑफिसात फिरू लागतील, आणि बँकेतून गेलेल्या रकमांशी त्यांतली जुनीच जुळेल. फाइल वनड्राइव्हवर किंवा गूगल शीट्सवर असेल तर Version history मध्ये कोणी, कधी बदल केला ते दिसतं. गूगल शीट्समध्ये तर एखाद्या सेलवर उजवं बटण दाबून Show edit history निवडलं की त्या सेलचा इतिहास नावासकट समोर येतो. म्हणजे ज्या गोष्टीला आज चूक म्हणता येतं, तीच उद्या लपवाछपवी म्हणून वाचली जाईल. चूक साहेब समजून घेतील, लपवाछपवी समजून घेणं त्यांनाही अवघड जाईल, कारण त्यांनाही त्यांच्या वरच्याला उत्तर द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, चुकीचा आकार मोजायचा. प्रतीमध्ये जुन्या सूत्राच्या शेजारी एक नवा रकाना घ्या आणि त्यात तंतोतंत जुळणारं सूत्र टाका:

```
=VLOOKUP(A2,Sales!$A$2:$C$39,3,FALSE)
```

तिसऱ्या रकान्यात दोन्हींची वजाबाकी करा आणि शून्य नसलेल्या ओळी फिल्टर करा. आपल्या उदाहरणात अशा अकरा ओळी निघतात. सात जणांना मिळून ४१,३०० रुपये जास्त गेले, चौघांना मिळून १८,७०० रुपये कमी गेले. जिथे हाताने आकडे भरले होते ते दोघे बरोबर निघतील, पण त्यांची नोंद वेगळी करा. तिथे आता सूत्रच उरलेलं नाही, त्यामुळे पुढच्या महिन्यात तेच जुने आकडे तिथे तसेच बसून राहतील.

नव्या रकान्यात एखाद्या ठिकाणी #N/A आलं तर ते IFERROR लावून शून्य करू नका. तो कोड यादीत सापडत नाही, एवढंच एक्सेल सांगत असतं. सेल्समन खरंच यादीत नसेल, किंवा एका शीटमध्ये कोड अंक म्हणून साठवलेला असेल आणि दुसऱ्या शीटमध्ये मजकूर म्हणून. दोन्ही दिसायला सारखेच, एक्सेलच्या लेखी मात्र वेगळे. कारण कळल्याशिवाय ती खूण पुसायची नाही.

इथे एक मोह होतो. वजा-अधिक करून ‘एकूण फरक २२,६०० चा आहे’ असं सांगावंसं वाटतं. आकडा खोटा नाही, पण त्याने चित्र खोटं होतं. चाळीस हजार जास्त गेलेत हेही त्यात बुडतं आणि चार माणसांचे पैसे आपल्याकडे राहिलेत हेही बुडतं. शिवाय साहेब ती शीट कधीतरी स्वतः उघडतील. तेव्हा त्यांना ४१,३०० दिसले, तर तुमच्या पुढच्या प्रत्येक आकड्यावर ते संशय घेतील. दोन्ही बाजू वेगवेगळ्या सांगा, नावांसकट.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि साहेब तीच आधी विचारतात: हे आधीही झालंय का? ‘मागच्या महिन्यांत यादी कोडच्या क्रमानेच होती, म्हणजे सगळं बरोबर’ असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. यादी क्रमाने लावलेली असली तरी या सूत्रात एक खड्डा राहतो. एखाद्याचा कोड यादीत नसेलच, तर सूत्र त्याच्या आधीच्या कोडचा आकडा आणून ठेवतं. एक्सेलला तेच ‘जवळपासचं’ उत्तर वाटतं. मे महिन्यात १०२३ कोडचा माणूस पूर्ण महिना रजेवर होता, त्याचं एकही बिल नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरने त्याची ओळच दिली नाही. सूत्राने त्याच्यासमोर १०२२ ची ३,९०,००० ची विक्री ठेवली आणि रजेवरच्या माणसाच्या खात्यात ७,८०० रुपये गेले. जास्त पैसे मिळालेला माणूस सहसा फोन करत नाही, म्हणून हे कोणाला कळलंच नाही.

जुने महिने तपासायला प्रत्येक ओळ उकरावी लागत नाही. दोन शीटमधल्या विक्रीच्या बेरजा जुळतात का, एवढं आधी बघा:

```
=SUM(Payout!C2:C39)-SUM(Sales!C2:C39)
```

उत्तर शून्य यायला हवं. जूनमध्ये ते ११,३०,००० येतं, आणि त्याचे दोन टक्के काढले की तेच २२,६०० निघतात. मेमध्ये ३,९०,००० येतं, म्हणजे बरोब्बर एका माणसाची विक्री. फरक एखाद्या सेल्समनच्या विक्रीइतका निघाला, तर कोणाचा तरी आकडा दोनदा आलाय असं समजा. या तपासणीलाही मर्यादा आहे. दोघांचे आकडे आपापसांत बदलले गेले तर बेरीज जुळते आणि चूक तशीच राहते. म्हणून बेरजेसोबत तीन-चार माणसांची विक्री थेट बिलांवरून पडताळून बघा. त्यात एक सगळ्यात जास्त इन्सेंटिव्ह मिळालेला हवा आणि एक सगळ्यात कमी मिळालेला.

या सगळ्याला किती वेळ द्यायचा? फार तर तास-दीड तास. चुकीचा शेवटचा धागा सापडेपर्यंत सांगायचं नाही, असं ठरवलंत तर दोन दिवस जातील, आणि त्या दोन दिवसांत कमी पैसे मिळालेल्या चौघांपैकी एकजण आपल्या विक्रीची पावतीवही घेऊन साहेबांच्या टेबलाशी उभा राहील. मग तुम्ही जे सांगाल ते खुलासा म्हणून ऐकलं जाईल. जूनपासून मागे तीन महिने तपासून झाले असतील तर तेवढंच सांगा, आणि ‘त्याआधीचे महिने अजून बघायचेत, बुधवारपर्यंत बघतो’ असं स्पष्ट म्हणा. अपुरी पण खरी माहिती साहेबांना चालते.

एका परिस्थितीत तेवढाही वेळ घ्यायचा नाही. पैसे अजून जायचेत, कोटेशन अजून ग्राहकाकडे निघायचंय, बँकेची फाइल अपलोड होत आली आहे, अशा वेळी आकार मोजत बसू नका. उठा, जा आणि सांगा: ‘सर, ती फाइल थांबवा. आकड्यांत चूक आहे, किती ते तासाभरात सांगतो.’ एकदा एनईएफटीने खात्यात गेलेली रक्कम बँक आपल्या सांगण्यावरून परत ओढून आणत नाही, ज्याच्या खात्यात गेली त्याची संमती लागते. थांबवलेली फाइल मात्र दुपारी पुन्हा पाठवता येते.

आता प्रत्यक्ष सांगणं. आधी समोरासमोर सांगा. साहेब बाहेरगावी असतील तर फोनवर. लेखी नंतर, पण त्याच दिवशी. नुसता मेल टाकला तर तो मोबाइलवर, कोणत्या तरी मीटिंगमध्ये, दुसऱ्या कोणाच्या देखत वाचला जातो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नको, तिथे सेल्सचे लोकही असतात. आणि सहकाऱ्याला आधी सांगून ‘तूच जरा साहेबांच्या कानावर घाल’ असंही नको. साहेबांना ते दुसऱ्याकडून कळलं की तुम्ही आधी आलात या गोष्टीला काही किंमत राहत नाही.

बोलायचं ते थोडं आणि सरळ असावं. काहीसं असं:

‘सर, पाच मिनिटं हवी होती, दार लावू का? जूनच्या इन्सेंटिव्हच्या शीटमध्ये माझ्याकडून चूक झालीय. पैसे शुक्रवारी गेलेत. अकरा जणांच्या रकमा चुकल्या. सात जणांना एकूण ४१,३०० जास्त गेले, चौघांना १८,७०० कमी. मेमध्येही एकाला ७,८०० चुकून गेलेत. एप्रिल तपासला, तो बरोबर आहे. त्याआधीचं बुधवारपर्यंत सांगतो. कारण सापडलंय. ही यादी, आणि ही दुरुस्त केलेली शीट. चौघांचे पैसे या आठवड्यात द्यावेत असं मला वाटतं. सातजणांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.’

यात काय नाही तेही बघा. ‘सिस्टीममध्ये एरर आला’ असं नाही. सूत्र तुम्ही लिहिलं होतं. ‘अमक्याने शीट सॉर्ट केली म्हणून झालं’ असंही नाही. यादी विक्रीच्या क्रमाने लावणं हा काही गुन्हा नाही. तेवढ्याने मोडणारं सूत्र ठेवलं होतं, चूक तिथे आहे. VLOOKUP ची चौथी जागा, बायनरी सर्च वगैरे सुरुवातीलाच सांगू नका. साहेबांनी विचारलं तर एका वाक्यात सांगा. त्यांच्या डोक्यात त्या क्षणी पैसे, माणसं आणि वरच्यांना काय सांगायचं, एवढंच असतं. आणि लांबलचक माफी नको. एकदा ‘सॉरी सर’ पुरे. चारचारदा म्हणालात तर त्यांना काम सोडून तुमचीच समजूत काढत बसावं लागेल.

साहेब चिडतील. चिडू द्या. पहिली दोन मिनिटं मधे बोलू नका. मग ते विचारतील: कोणाकोणाला माहीत आहे? खरं ते सांगा. ‘तुमच्याशिवाय कोणालाच नाही’ हे उत्तर देता आलं तर त्यांचा निम्मा ताण तिथेच उतरतो.

पैशांच्या दुरुस्तीत दोन बाजूंचं वजन सारखं नाही. ज्या चौघांना कमी गेले, त्यांचे ते हक्काचे पैसे आहेत. त्यांच्यासाठी पुढच्या पगाराची वाट बघायचं कारण नाही. फरकाची वेगळी यादी करून त्याच आठवड्यात जमा करा, आणि सोबत एक ओळ कळवा की जूनच्या हिशेबात चूक होती, हा फरक. सातजणांची बाब नाजूक आहे. चुकून जास्त दिलेलं वेतन पुढच्या वेतनातून कापून घ्यायला कायद्यात मुभा आहे, पण महिन्याच्या एकूण कपातीला मर्यादा आहे, साधारणपणे वेतनाच्या निम्म्यापर्यंत. माणसाने ते पैसे घरच्या हप्त्यात घातलेले असतात. म्हणून साहेबांपुढे दोन-तीन पर्याय मांडा: पुढच्या इन्सेंटिव्हमधून एकदम वळतं करणं, तीन महिन्यांत विभागून वळतं करणं, किंवा रक्कम लहान असेल तिथे सोडून देणं. कोणता पर्याय घ्यायचा हे तुम्ही ठरवू नका, आणि निर्णय होण्याआधी कोणत्याही सेल्समनला फोन करू नका. टीडीएसचा फरकही आताच लक्षात आणून द्या. पगारावरचा टीडीएस त्याच आर्थिक वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत कमी-जास्त करून जुळवता येतो. मार्च उलटला की तेच काम किचकट होतं.

उशीर केला की वसुलीच अडते, याचं एक ठळक उदाहरण सरकारी नोकरीतलं आहे. चुकून जास्त दिलेल्या वेतनाची वसुली कधी करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात सांगितलं. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतले कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम मिळत राहिलेले कर्मचारी, यांच्याकडून ती परत घ्यायला न्यायालयाने मनाई केली. तुमचं ऑफिस खासगी असेल, तिथे हा निकाल जसाच्या तसा लागू होणार नाही. पण त्यामागचा विचार कुठेही पटण्यासारखा आहे: हिशेब करणाऱ्याची चूक वर्षानुवर्षं चालू राहिली, तर तिचा बोजा अचानक पगार घेणाऱ्यावर टाकता येत नाही.

चूक दुसऱ्याने शोधली की काय होतं, याचं जगभर गाजलेलं उदाहरण अर्थशास्त्रातलं आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर एक लेख लिहिला, आणि काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ तो देशोदेशी वापरला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे मूळ शीट मागितली, आणि त्यांनी ती दिली. तिच्यात सरासरीचं सूत्र पाच ओळी अलीकडेच थांबलं होतं, त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सरासरीतून वगळले गेले होते. खरं तर निष्कर्षात पडलेल्या फरकाचा मोठा भाग या चुकीमुळे नव्हता. आकड्यांना वजन कसं द्यायचं आणि कोणती वर्षं धरायची, यावरचे मतभेद त्याहून मोठे होते. लेखकद्वयाने एक्सेलमधली चूक मान्य केली आणि बाकी निष्कर्षांवर ते ठाम राहिले. पण तोवर सगळ्या वादाला एक्सेलच्या चुकीचंच नाव पडलं होतं. आजही त्या लेखाची आठवण निघते ती तशीच. माझं मत असं, की तीच पाच ओळींची दुरुस्ती त्यांनी स्वतः आधी छापली असती, तर ती तळटीपेपुरती राहिली असती.

आपल्या शीटकडे परत येऊ. साहेबांशी बोलणं झालं की त्याच दिवशी मेल करा. सुरुवात ‘आज सकाळी बोलल्याप्रमाणे’ अशी. त्यात काय चुकलं, किती रकमेचं, कोणते महिने तपासले, कोणते बाकी आहेत, काय ठरलं आणि कोण काय कधी करणार, एवढंच लिहा. सोबत तीन फाइल जोडा: शुक्रवारी गेलेली जशीच्या तशी, दुरुस्त केलेली, आणि अकरा जणांच्या फरकाची यादी. सहा महिन्यांनी ऑडिटर विचारेल तेव्हा हाच मेल कामाला येतो.

‘पुन्हा असं होणार नाही’ हे वाक्य मेलमध्ये लिहू नका. ते कोणीच खात्रीने म्हणू शकत नाही आणि साहेबांनाही ते ठाऊक असतं. त्याऐवजी काय बदललं ते लिहा. VLOOKUP च्या शेवटी FALSE घातलं. एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर XLOOKUP वापरा, ते मुळातच तंतोतंत जुळणी करतं. मात्र ऑफिसात कोणाकडे २०१६ किंवा २०१९ असेल तर त्यांच्याकडे ते चालणार नाही, तिथे FALSE च बरं. हाताने भरलेले दोन सेल पुन्हा सूत्रावर आणले. Payout च्या माथ्यावर बेरजेच्या फरकाचा सेल ठेवला, आणि तो शून्य नसेल तर फाइल पुढे पाठवायची नाही असं ठरलं. फरकाला एखादं रास्त कारण असू शकतं, जसं की नोकरी सोडून गेलेल्याची जुनी विक्री यादीत राहिली. तेव्हा कारण शेजारच्या सेलमध्ये लिहायचं. आणि शेवटचा बदल म्हणजे बँकेत फाइल जाण्याआधी तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तो सेल बघून मेलवर ‘शून्य बघितलं’ असं कळवायचं. आपणच केलेल्या कामात आपल्याला चूक दिसत नाही, दुसऱ्याला दोन मिनिटांत दिसते.

सगळेच साहेब समजूतदार नसतात, हेही बोललं पाहिजे. काही ऑफिसांत चूक सांगणाऱ्याचाच पाणउतारा होतो, आणि चूक न सांगणारा बढती घेतो. अशा ठिकाणी सांगू नका असं मी म्हणणार नाही, पण लेखी ठेवा. मेल त्याच दिवशी, आकड्यांसह, शांत भाषेत. कोणी कागदावर ‘मी जाणूनबुजून केलं’ अशा अर्थाचं काही लिहून मागितलं तर सही करू नका, ‘नजरचुकीने झालं’ एवढंच लिहा.

त्याहून अवघड प्रसंग म्हणजे साहेबच म्हणतात, ‘जाऊ दे, कोणाला कळलेलं नाही, गप्प बस.’ जास्त गेलेल्या रकमा सोडून द्यायचं कंपनीने ठरवलं तर तो तिचा प्रश्न. चौघांचे कमी गेलेले पैसे मात्र सोडून द्यायचा अधिकार साहेबांनाही नाही, तुम्हालाही नाही. तेव्हा वाद न घालता मेलमध्ये एक ओळ घाला: ‘चार सेल्समनना देय असलेल्या १८,७०० रुपयांबाबत आपला निर्णय कळवावा, म्हणजे त्याप्रमाणे अकाउंट्सला सांगतो.’ अशी ओळ लेखी आली की बहुतेक साहेबांचा विचार बदलतो. नाहीच बदलला, तर पुढच्या पगाराआधी एचआरला विचारा.

छोट्या-मोठ्या प्रत्येक चुकीसाठी साहेबांच्या दारात जायचं का? नाही. शीट अजून तुमच्याच टेबलावर असेल तर दुरुस्त करा आणि पुढे चला. ती तुमच्याकडून बाहेर गेली, आणि तिच्यावर कोणी पैसे दिले, भाव ठरवला किंवा कोणाला शब्द दिला, की मग सांगायचंच. रक्कम दोनशेची असली तरी.

तेव्हा आज घरी जाण्याआधी तुमची पगाराची, कमिशनची, थकबाकीची शीट उघडा. VLOOKUP च्या सूत्रात चौथी जागा भरलेली आहे का बघा, आणि दोन्ही शीटच्या बेरजा वजा करून बघा. शून्य आलं तर उत्तम. नाही आलं, तर फाइलची प्रत काढा, यादी करा, आणि साहेब निघायच्या आत त्यांना गाठा. ज्यांना कमी गेलेत त्यांचे पैसे आधी द्या.